कॉफी आणि अर्धशिशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफीने अर्धशिशी थांबते की सुरू होते?

दोन्ही होतं, आणि अनेकदा एकाच माणसाच्या बाबतीत होतं. म्हणून हा प्रश्न असा सरसकट विचारला की उत्तर हाती लागत नाही. वीस वर्षं अर्धशिशी काढल्यावर आणि बरीच वर्षं वही लिहिल्यावर माझं मत असं झालं आहे की, कप किती हे पाहण्याआधी घड्याळ पाहावं. मागची कॉफी कधी झाली होती? आजची किती उशिरा झाली? आणि दुखणं सुरू होण्याच्या नेमकं किती वेळ आधी कप हातात होता? ही तीन उत्तरं लिहून ठेवली, तर आपल्या डोक्याचं आणि कॉफीचं नातं दोन महिन्यांत बऱ्यापैकी उलगडतं. खालची उत्तरं मुख्यतः त्याबद्दल आहेत.

एकच पेय दोन उलटी कामं कसं करतं?

मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य दिवसभर साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की मरगळ येते, झोप येते आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. कॅफिनची घडण अॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागा अडवून बसतं. अॅडेनोसिनला शिरकाव मिळत नाही, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तरतरी येते. दुखण्याच्या वेळी घेतलेल्या कॉफीने बरं वाटतं, त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

पण शरीर गप्प बसत नाही. रोज कॅफिन येऊन जागा अडवतंय म्हटल्यावर ते अॅडेनोसिनसाठी आणखी जागा तयार करतं. मग एखाद्या दिवशी कॉफी चुकली की त्या सगळ्या वाढीव जागा एकदम मोकळ्या होतात आणि अॅडेनोसिनचा असर नेहमीपेक्षा जास्त होतो. मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि डोकं ठणकायला लागतं. त्या वेळी कप घेतला की अर्ध्या-पाऊण तासात आराम पडतो, आणि आपण म्हणतो, ‘बघा, मला कॉफीने बरं वाटतं.’ वाटतं हे खरंच आहे. फक्त ते दुखणं कॉफी चुकल्यामुळेच आलेलं असू शकतं.

आठवडाभर ठीक असतं, सुट्टीच्या दिवशीच डोकं का चढतं?

‘आठवड्याचा ताण उतरतो म्हणून’ हे उत्तर सर्वांना पाठ असतं. ताण उतरल्यावर अर्धशिशी येणं हा प्रकार खराही आहे. पण त्याआधी एक साधा हिशेब करून पाहा.

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांत निकाली निघतं. समजा, शेवटचा कप दुपारी चारला झाला. रात्री नऊला निम्मं उरलं, पहाटे दोनला पाव, सकाळी सातला एक अष्टमांश. रोज साडेसहाला पहिला कप होत असेल तर ही घसरण जेमतेम तिथेच अडवली जाते. सुट्टीच्या दिवशी नऊला उठून, आरामात आवरून दहाला कॉफी घेतली, तर मागच्या कपापासून अठरा तास झाले. कॅफिन तुटल्याची डोकेदुखी शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते. म्हणजे आपण अंथरुणात लोळत असताना नेमके त्याच पट्ट्यात असतो.

याच कारणामुळे ऑपरेशनसाठी किंवा रक्त तपासणीसाठी सकाळी काहीही न घेता थांबलेल्या माणसांचं डोकं उठतं. ते उपाशीपणावर किंवा काळजीवर ढकललं जातं, पण रोजचा कप चुकलेला असतो. अशी तारीख ठरली असेल तर आठवडा-दोन आठवडे आधीपासून कॉफी थोडी थोडी कमी करत आणावी. साखर-दुधाशिवायची कॉफी त्या सकाळी चालेल का, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

हे दुखणं कॉफी चुकल्याचं आहे की खरी अर्धशिशी आहे, हे कसं ओळखायचं?

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कॅफिन तुटल्याच्या डोकेदुखीला वेगळं स्थान आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेतलं जात होतं, ते थांबलं किंवा लांबलं, त्यानंतर २४ तासांच्या आत दुखणं सुरू झालं, आणि १०० मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावर तासाभरात उतरलं किंवा कॅफिन पूर्ण बंद ठेवल्यावर सात दिवसांत आपोआप गेलं, असे त्याचे निकष आहेत. प्रत्यक्षात काहींना रोजच्या १०० मिलिग्रॅमवरही, म्हणजे एका मोठ्या कपावरही, हा त्रास होतो.

लक्षणांवरून सांगायचं तर कॉफी चुकल्याचं दुखणं बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतं. डोकं जड होतं, मरगळ येते, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. अर्धशिशीत सहसा एक कानशील ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात, जिना चढला तरी दुखणं वाढतं.

पण या यादीवर फार विसंबू नका. ज्याला मुळात अर्धशिशी आहे, त्याच्या बाबतीत कॉफी चुकणं ही ठिणगी ठरते आणि तिच्यातून पूर्ण अर्धशिशी पेटते, मळमळीसकट. सुरुवात कॅफिन तुटल्याने झालेली असते आणि दुपारपर्यंत माणूस अंधाऱ्या खोलीत पडलेला असतो. मग कप घेऊनही उपयोग होत नाही, कारण वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे ‘कॉफीने उतरलं नाही, म्हणजे कॉफीचा संबंध नव्हता’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. लक्षणांपेक्षा तासांची नोंद जास्त विश्वासाची.

कॉफी घेतल्यावर दोन-तीन तासांत डोकं चढतं. मग कॉफीच कारण आहे ना?

असू शकतं. पण इथे मोठी गफलत होते आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

अर्धशिशी दुखण्यापासून सुरू होत नाही. दुखण्याच्या काही तास आधी, कधी एक-दोन दिवस आधी, तिची पूर्वलक्षणं सुरू झालेली असतात. कारण नसताना जांभया येतात, मान आखडते, काहीतरी विशिष्ट खावंसं वाटतं, शब्द आठवत नाहीत, अंगात जीव नसल्यासारखं होतं. बऱ्याच जणांना ही अर्धशिशीची चाहूल आहे हे माहीतच नसतं. मरगळ आली, काम तर समोर आहे, मग हात साहजिकच कपाकडे जातो. तीन तासांनी दुखणं येतं. मागे वळून पाहिलं तर नजरेत ठसठशीत दिसतो तो जादाचा कप, कारण जांभया कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गुन्हा घडल्यावर तिथे पोहोचलेल्याला पकडावं तसं होतं.

यावर उपाय एकच. ठरल्याव्यतिरिक्त कप घेताना, घेण्याच्या आधी, ‘का घेतोय’ हे दोन शब्दांत लिहायचं. ‘जांभया’, ‘मान’, ‘सोबत म्हणून’, ‘तलफ’, ‘रात्री झोप नाही’. दुखणं सुरू झाल्यावर आठवून लिहिलेलं चालत नाही, कारण तोवर मनाने आरोपी निवडलेला असतो.

दिवसाला किती कॉफी चालेल?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही, पण एक अभ्यास उपयोगी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अधूनमधून अर्धशिशी येणाऱ्या ९८ प्रौढांनी सहा आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेवल्या. कॅफिन असलेल्या पेयाचे एक-दोन कप झाले त्या दिवशी अर्धशिशीची शक्यता वाढलेली दिसली नाही. तीन किंवा अधिक झाले तर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती वाढलेली दिसली. जे लोक एरवी क्वचितच कॅफिन घेत, त्यांच्यात एक-दोन कपांनीही फरक पडत असल्याचं दिसलं. तिथेही जांभयांचा मघाचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हे ध्यानात ठेवून मी दोन कपांची मर्यादा सुरुवातीसाठी शहाणपणाची मानते.

मात्र ‘कप’ म्हणजे काय हे आधी ठरवा. २४० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, पण पूड किती आणि कशी यावर ते बरंच खाली-वर होतं. तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत सुमारे ६०, एस्प्रेसोच्या ३० मिलिलिटरमध्येही सुमारे ६०, काळ्या चहाच्या २४० मिलिलिटरच्या कपात ४५ च्या आसपास. कोलाच्या डब्यात ३० ते ४०. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, कधी एका गोळीत ६५ मिलिग्रॅमपर्यंत. वेष्टनावर वाचा, कारण ‘मी तर कॉफी घेतच नाही’ म्हणणाऱ्यांचा हिशेब बऱ्याचदा इथे चुकलेला असतो.

आणखी एक गोष्ट. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफिन शरीरात साधारण दुप्पट वेळ टिकतं, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरातून ते लवकर निघून जातं, आणि सिगारेट सोडली की तोच कप जास्त चढतो. गोळ्या सुरू किंवा बंद केल्या तर वहीत त्या तारखेला ठळक रेघ मारा. रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी एकत्र मोजू नका. गरोदरपणात दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, तिथे प्रयोग करत बसू नये.

अर्धशिशी सुरू झाली की कॉफी घ्यावी का?

सुरुवातीलाच, दुखणं अजून सौम्य असताना, वेदनाशामक गोळीबरोबर एक कप घेतला तर फायदा होऊ शकतो. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसोबत १०० मिलिग्रॅम किंवा अधिक कॅफिन घेतल्यावर चांगला आराम पडणाऱ्यांचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांनी वाढतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. फरक छोटा आहे, पण खरा आहे. ज्यांची रोजची कॉफी कमी, त्यांना या एका कपाचा उपयोग जास्त जाणवतो, असं मला स्वतःला आणि ओळखीच्या बऱ्याच जणांना आढळलं आहे. रोज चार कप रिचवणाऱ्याला पाचव्याने काय होणार?

धोका वेगळा आहे. कॅफिन असलेल्या मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते. साध्या वेदनाशामकांसाठी ही हद्द महिन्याला पंधरा दिवस आहे. गोळीने दुखणं उतरतं, तिचा असर संपला की परत येतं, पुन्हा गोळी. हे चक्र सुरू झालंय का, हे कळण्यासाठी गोळ्यांची नोंद कॉफीइतकीच काटेकोर हवी.

संध्याकाळनंतर अर्धशिशी सुरू झाली तर मी कॉफीला हात लावत नाही. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाभराहून जास्त घटल्याचं एका प्रयोगात दिसलं आहे. एवढी मोठी मात्रा आपण घेत नाही, पण मोडलेली झोप ही दुसऱ्या दिवशीच्या अर्धशिशीला दिलेलं आमंत्रणच असतं.

नोंद नेमकी कशी ठेवायची?

सर्वांत जास्त होणारी चूक आधी सांगते: लोक फक्त डोकं दुखलं त्या दिवशी लिहितात. अशा वहीतून काहीही सिद्ध होत नाही. दुखलेल्या दहाच्या दहा दिवशी सकाळी कॉफी झाली होती म्हणता? न दुखलेल्या चाळीस दिवशीही झालीच असेल. तुलना करायची तर बऱ्या दिवसांची नोंद तितकीच हवी, किंबहुना तीच जास्त मोलाची.

रोज एक ओळ पुरते. तारीख आणि वार, उठण्याची वेळ, प्रत्येक कपाची वेळ आणि आकार, ठरल्याबाहेरचा कप असेल तर घेण्याआधीचं कारण, जांभया किंवा मान आखडणं जाणवलं तर वेळ, दुखणं सुरू झाल्याची वेळ आणि दहापैकी तीव्रता, घेतलेली गोळी. पाळी येत असेल तर तिचा पहिला दिवस खुणेने दाखवा. तेवढंच. हवामान, जेवण, मनःस्थिती असं सगळं लिहायला घेतलेल्या वह्या दहाव्या दिवशी बंद पडतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

माझ्या वहीतली एक ओळ अशी दिसते:

‘शनि. उठले ८.५०. मग १ – १०.००. अंतर १८. दुखणं ११.१५, डावं कानशील, ६/१०. गोळी १ – ११.३०. मग २ – ४.००.’

यातला ‘अंतर’ हा शब्द सर्वांत कामाचा. आदल्या दिवशीच्या शेवटच्या कपापासून आजच्या पहिल्या कपापर्यंतचे तास म्हणजे अंतर. ते रोज सकाळी पहिला घोट घेतानाच लिहून टाकायचं.

आठ आठवडे तरी लिहा. महिन्याला दोनदाच अर्धशिशी येत असेल तर तीन-चार महिने लागतील, त्याला इलाज नाही. या काळात नेहमीच्या सवयी बदलू नका. वहीत लिहायचं म्हणून कोणी आदर्श वागायला लागलं, तर नोंद वेगळ्याच माणसाची होते.

फोनवरचं अॅप चालेल का, असंही विचारतात. चालेल, पण कपांच्या वेळा टिपायची सोय त्यात हवी. बहुतेकांत दुखण्याचीच नोंद असते. शिवाय अर्धशिशीत पडद्याचा उजेड सोसत नाही, म्हणून मी वहीवरच राहिले.

प्रत्यक्ष उदाहरण दाखवता का?

माझ्याच आठ आठवड्यांचा हिशेब देते. रोजचे दोन मोठे मग, पहिला सकाळी साडेसहाला, दुसरा दुपारी चारला. एकूण ५६ दिवस, त्यात ११ दिवस अर्धशिशीचे. तेव्हा माझी खात्री होती की दुपारनंतरचा तिसरा मगच मला भोवतो.

आधी तोच संशय तपासला. तिसरा मग झालेले दिवस ९. त्यांतल्या ४ वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोकं चढलं. जवळजवळ निम्मे, म्हणजे पुरावा मिळाला असं वाटलं. मग ‘का घेतला’ हा रकाना पाहिला. त्या ९ पैकी ३ वेळा मी मग हातात घेण्याआधीच ‘जांभया’ लिहिलं होतं, आणि तिन्ही वेळा डोकं चढलं. उरलेल्या ६ वेळा मग सहज घेतला होता, त्यांत एकदाच दुखलं. शिवाय ४ दिवस असे होते की जांभया आल्या, पण तिसरा मग घेतला नव्हता. त्यांतल्या ३ वेळा दुखलंच. म्हणजे जांभयांमागून दुखणं येत होतं, मग घेतला काय नि न घेतला काय. मी इतकी वर्षं चुकीच्या कपाला बोल लावत होते.

मग अंतराचा रकाना घेतला. ४२ दिवशी अंतर पंधरा तासांच्या आत होतं, त्यांत दुखलं ४ वेळा. १४ दिवशी ते सतरा तासांच्या वर गेलं होतं, त्यांत दुखलं ७ वेळा. एकीकडे दहांत एक, दुसरीकडे दोहोंत एक. इतका फरक पाहिल्यावर मी वही बंद करून जरा वेळ नुसती बसून राहिले.

पण इथे थांबणं बरोबर नव्हतं. त्या १४ पैकी १२ दिवस सुट्टीचे होते, आणि सुट्टीला मी उशिरापर्यंत झोपतही होते. जास्त झोपण्यानेही अर्धशिशी येते. मग दोष झोपेचा की लांबलेल्या कॉफीचा? उरलेले २ दिवस कामाचे होते. पहाटेच्या प्रवासामुळे उठले नेहमीसारखी, पण कॉफी अकरापर्यंत मिळाली नाही. दोन्ही दिवशी दुखलं. दोन दिवसांवरून निकाल लागत नाही, पण पुढे काय तपासायचं ते कळलं.

असा संशय आला की तो पडताळायचा कसा?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. मी सुट्टीच्या दिवशीही सव्वासहाचा गजर लावला, साडेसहाला अर्धा मग घेतला आणि परत झोपले. उठायचे नऊलाच. झोप तीच, फक्त कॉफीची वेळ बदलली. अर्ध्या मगाने झोप उडेल अशी भीती होती, पण पहिल्या दोन आठवड्यांनंतर तसं फारसं झालं नाही. पुढच्या आठ आठवड्यांत अर्धशिशीचे दिवस ११ वरून ६ झाले, आणि सुट्टीच्या सकाळी फक्त एकदा डोकं चढलं.

यातलं किती श्रेय त्या अर्ध्या मगाचं? अर्धशिशी मुळातच कमी-जास्त होत असते. वाईट महिन्यानंतर काहीही न करता बरा महिना येतो. म्हणून एकूण दिवस कमी झाले याला मी फार महत्त्व देत नाही. सुट्टीच्या सकाळचं दुखणं कमी झालं आणि बाकीचं तसंच राहिलं, हे मला जास्त पटण्यासारखं वाटतं. जिथे बदल केला, नेमका तिथेच फरक पडला.

तुमच्या वहीत उलटं निघू शकतं. अंतराचा काहीच संबंध नाही आणि जांभया नसतानाही तिसऱ्या कपानंतर वारंवार डोकं चढतं, असं दिसलं तर आठ आठवडे दोन कपांवर थांबून पाहा. दोन्हींत काहीच दिसलं नाही, तर कॉफी तुमच्या बाबतीत निर्दोष असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा तिचा नाद सोडून झोप, जेवणाच्या वेळा आणि पाळी यांकडे वळावं.

पूर्ण सोडून पाहायची असेल तर?

महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल तर कॅफिन काही महिने पूर्ण बंद ठेवून पाहायला डॉक्टर बहुधा सांगतातच. एका झटक्यात मात्र सोडू नका. तसं केलं तर त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत कळसाला जातो आणि आठवडाभर, कधी नऊ दिवसांपर्यंत रेंगाळतो. बरेच जण तिसऱ्या दिवशी हार मानून पुन्हा कप उचलतात आणि ‘मला कॉफीशिवाय जमतच नाही’ असं ठरवून टाकतात.

दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा कमी करा. दिवसाचं २४० मिलिग्रॅम असेल तर पहिल्या आठवड्यात १८०, मग १२०, मग ६०, मग शून्य. मगाचा आकार तोच ठेवून नेहमीच्या पुडीत डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली पूड, मिसळत गेलं की हे सोपं जातं, हाताची सवयही मोडावी लागत नाही. डिकॅफमध्येही थोडं कॅफिन असतं, कपाला २ ते १५ मिलिग्रॅम, पण तेवढ्याने सहसा बिघडत नाही. संध्याकाळचा कप आधी कमी करा, सकाळचा शेवटी.

शून्यावर आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे निकालात धरू नका, तो तुटण्याचा काळ असतो. त्यानंतरचे आठ आठवडे मोजा आणि आधीच्या आठांशी ताडून पाहा. फरक नसेल तर कॉफी पुन्हा सुरू करायला हरकत नाही. फक्त रोज त्याच वेळी, तेवढीच.

डॉक्टरांकडे कधी जावं?

क्षणार्धात शिगेला पोहोचणारी, आजवर कधी झाली नाही अशी डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं, यांपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि लगेच रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही स्वतःच्या अंदाजावर सोडू नये.

एरवी, महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस अर्धशिशीत जात असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दल बोलायला जा. जाताना पूर्ण वही नेऊ नका, डॉक्टरांना ती वाचायला वेळ नसतो. एका कागदावर चार आकडे लिहा: किती दिवस नोंद ठेवली, त्यांत अर्धशिशीचे किती, गोळी घेतलेले किती, आणि कॉफी लांबलेल्या दिवसांपैकी किती दिवशी दुखलं. माझा तो कागद पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीच्या दिवसांबद्दल, आणि मला उत्तरासाठी आठवावं लागलं नाही.